गाडीपासून रॅकपर्यंत आठ तास

आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. त्यामुळे नोकरी लागली तेव्हा वाणगावजवळच्या आमच्या गावात सगळ्यांनी विचारलं, "कसल्या हापिसात?" मी सांगितलं, तलासरीला हायवेवर मोठं गोदाम आहे, तिथे. वडिलांचा चेहरा जरा उतरला. गोदाम म्हटलं की त्यांना भाताची पोती आणि उंदीर दिसायचे. बी.कॉम. होऊन पोरगी पोती मोजणार, असं त्यांना वाटलं असावं.

पोती नव्हती, पण मोजणं मात्र होतं, आणि त्या मोजण्याने मला इतका आनंद दिला की तो कुठेतरी लिहून ठेवावा असं फार दिवस मनात आहे. डहाणूच्या कॉलेजात मी गुणोत्तरं शिकले होते. परीक्षेपुरती शिकले होते. वरची संख्या, खालची संख्या, भागाकार, दोन गुण. ती गुणोत्तरं जिवंत असतात, त्यांच्यामुळे माणसांची कामाची पाळी राहते किंवा जाते, हे मला त्या गोदामाने शिकवलं.

आमच्याकडे एका घरगुती वस्तूंच्या कंपनीचा माल यायचा. पाण्याच्या बाटल्या, डबे, बादल्या, मुलांचे टिफिन. कारखाना सीमेपलीकडे गुजरातेत. तिथून गाडी भरून आमच्याकडे येणार, आम्ही उतरवून रॅकवर लावणार, आणि दुकानांच्या ऑर्डरी आल्या की काढून पाठवणार. माझं काम रोज सकाळी डॉकजवळच्या पांढऱ्या फळ्यावर तीन आकडे लिहिण्याचं. डॉक म्हणजे गाडी मागे घेऊन जिथे लावतात तो ओटा.

पहिला आकडा ऑर्डरच्या अचूकतेचा. बरोबर गेलेल्या ऑर्डरी भागिले एकूण ऑर्डरी, गुणिले शंभर. बरोबर म्हणजे वस्तू बरोबर, संख्या बरोबर, पत्ता बरोबर. तीनपैकी एक चुकलं तरी अख्खी ऑर्डर चुकीची धरायची. दुसरा आकडा गाडीपासून रॅकपर्यंतच्या वेळेचा. गाडी डॉकला लागली तिथे घड्याळ सुरू, तिचं शेवटचं पॅलेट, म्हणजे खोकी रचलेली लाकडी फळी, रॅकवर जाऊन संगणकात विक्रीसाठी दिसू लागलं तिथे घड्याळ बंद. सगळ्या गाड्यांचे तास मिळवायचे आणि गाड्यांच्या संख्येने भागायचे. तिसरा आकडा साठा किती वेळा फिरला याचा. वर्षभरात विकल्या गेलेल्या मालाची खरेदी किंमत भागिले सरासरी साठ्याची किंमत. सरासरी साठा म्हणजे सुरुवातीचा आणि शेवटचा मिळवून निम्मा. उत्तर सहा आलं तर माल वर्षात सहा वेळा फिरला, म्हणजे सरासरी दोन महिने रॅकवर बसला.

हा तिसरा आकडा मी घरी आईला समजावला होता. ती वाणगावच्या बाजारात भाजी विकते. सकाळी भरलेली पाटी दुपारी रिकामी.

"मग माझा किती गं?" तिने विचारलं.

"तुझा वर्षाला तीनशेच्या वर."

"आणि तुमच्या एवढ्या मोठ्या गोदामाचा?"

"नऊ."

त्या दिवसापासून शेजारणींना सांगताना आईच्या आवाजात कंपनीबद्दल थोडी कीव असायची.

आमचा अचूकतेचा आकडा छान होता, ९९.८ च्या आसपास. फिरतीचा बरा होता. गाडी ते रॅकचा मात्र वाईट. सरासरी अठरा-एकोणीस तास. मी तो फळ्यावर जरा बारीक अक्षरात लिहायचे.

एका महिनाअखेरीला त्या कंपनीच्या मॅडम मुंबईहून आल्या. त्यांच्याकडे सगळ्या गोदामांचं काम होतं. आवाज हळू, पण फळ्यासमोर उभ्या राहिल्या की बाकीच्यांचेही आवाज हळू व्हायचे. त्यांनी बारीक अक्षरातला आकडाच आधी वाचला.

"अठरा तास माझी बाटली तुमच्या जमिनीवर पडलेली असते," त्या म्हणाल्या. "माझ्या साठ्यात ती मोजली जाते, पण विकता येत नाही. दुकानदाराला आम्ही सांगतो, माल नाही. आणि माल इथे पडलेला. पुढच्या महिन्यात सरासरी आठ किंवा त्याखाली हवी. अचूकता ९९.५ च्या खाली जाता कामा नये. नाही जमलं तर सणाच्या मोसमाचा माल मी पलीकडच्या गोदामाला देणार."

आमचे मॅनेजर वापीकडचे, गुजराती. मॅडमची गाडी फाटकाबाहेर गेल्यावर त्यांनी आम्हाला डॉकवर बोलावलं आणि सरळ सांगितलं, "मोसमचा माल गेला तर दुसरी पाळी बंद. मला ठेवायची आहे, पण कामच नसेल तर कसली पाळी?"

दुपारी दोन ते रात्री दहा ही दुसरी पाळी. तिच्यात वेवजीकडच्या, उधव्याकडच्या, डोंगरातल्या गावांतल्या बारा जणांचं काम होतं. सकाळी शेतात, दुपारी गोदामात, असं बसवलेलं त्यांचं आयुष्य होतं. पाळी गेली तर त्यांना पहिल्या पाळीत जागा नव्हती. त्यांचे म्होरके होते काका. पन्नाशीचे, नागली आणि भाताची शेती, आवाज खणखणीत. त्या पाळीत डॉकवर उतरणारं प्रत्येक खोकं त्यांच्या मोजणीतून जायचं.

"आठ तास?" काका मला म्हणाले. "पोरी, तुझ्या फळ्यावर आठ लिहून टाक ना. खडू तुझ्याच हातात आहे."

"काका, मार्कर आहे तो."

"मग तर अजूनच सोपं."

सगळे हसले, पण काका हसून झाल्यावर बराच वेळ फळ्याकडे बघत राहिले.

पहिला आठवडा मी नुसती बघत होते. अठरा तासांचे तुकडे पाडले. उतरवायला किती, मोजायला किती, रॅकवर न्यायला किती. फोर्कलिफ्ट चालवणारा आमचा भाई उमरगावचा. त्याला वाटलं, मी त्याच्यावर पाळत ठेवतेय.

"मास्तरीण," तो म्हणाला, "माझे तास मोजू नको. मी चहाला गेलो तरी फोर्क वर करून जातो, म्हणजे काम चालू दिसतं."

खरं तर तो जलद होता. उतरवणं दोन तासांत व्हायचं, रॅकवर नेणं दीड तासात. मग बाकीचे चौदा-पंधरा तास कुठे जात होते? तिसऱ्या दिवशी मला ते दिसलं. माल वाट बघत होता. मोजून झालेलं पॅलेट, वर प्लॅस्टिक गुंडाळलेलं, लेबल लावलेलं, तसंच ओट्यावर उभं. त्याच्या शेजारी दुसरं, तिसरं, दहावं. गाडीतलं शेवटचं खोकं मोजून हिशेब जुळेपर्यंत कुणीही एकही पॅलेट आत नेत नव्हतं. दुपारी आलेल्या गाडीत एखाद्या खोक्याचा घोळ झाला की रात्री दहाला पाळी सुटायची आणि अख्खी गाडी सकाळपर्यंत ओट्यावर राहायची. घड्याळ मात्र रात्रभर चालू.

मॅनेजरना वाटत होतं की संगणक तसंच मागतो. मॅडमना वाटत होतं की आम्ही आळशी आहोत. मी संगणकाची सगळी पानं चाळली. तिथे असा नियमच नव्हता. एकेक पॅलेट आत घेता येत होतं.

"काका, मोजलेलं पॅलेट आत का जात नाही?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विचारलं, जेवताना तोंड का उघडता. "रास पुरी मोजल्याशिवाय दाणा घरात नेतात का कुठे?"

आणि मला आमचं खळं आठवलं. भात झोडून झाला की मध्ये रास. वडील मोजायला बसणार, पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. रास पूर्ण मोजून होईपर्यंत घरातल्या कुणी एक सूपभर भातही उचलायचा नाही. मी लहानपणी एकदा उचलला होता आणि आजीची चपराक खाल्ली होती. डॉकवरचे बाराच्या बारा जण शेतीतले. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. गाडी आली म्हणजे रास आली, आणि राशीशी जसं वागतात तसं ते वागत होते. माझ्याही ते तीन दिवस लक्षात आलं नव्हतं, कारण मलाही ते बरोबरच दिसत होतं.

मी धावतच मॅनेजरकडे गेले. इतकी धावले की त्यांना वाटलं, कुणाच्या पायावर पॅलेट पडलं.

त्यांनी लगेच हुकूम काढला. मोजलं पॅलेट की रॅकवर. काकांनी मान हलवली, वाद घातला नाही. पण मला एवढं म्हणाले, "रास फोडतेस. बघ हं."

तोपर्यंत महिन्याच्या आठ गाड्या जुन्या पद्धतीने झाल्या होत्या. एकूण एकशे चव्वेचाळीस तास, सरासरी अठरा. पुढच्या दहा गाड्या मिळून पन्नास तासांत झाल्या. सरासरी पाच. मी रोज फळ्यासमोर उभी राहून भागाकार करायचे आणि आकडा मोठ्या अक्षरात लिहायचे. एकूण सरासरी अजून पावणेअकराच्या आसपास होती, कारण पहिल्या आठ गाड्यांचं ओझं मानेवर होतं. पण खाली येत होती. भाईने फोर्कलिफ्टला झेंडूची माळ लावली. मी घरी जाताना डहाणूच्या स्टेशनबाहेरून भजी घेतली आणि लोकलमध्ये एकटीनेच खाल्ली, इतकी खुश होते.

मग तक्रारी यायला लागल्या.

चुकीचा माल गेल्याचं दुकानदार सांगतो तेव्हा कळतं, म्हणून हा आकडा नेहमी दोन-चार दिवस उशिरा बोलतो. पालघरच्या दुकानदाराने लिटरच्या बाटल्या मागवल्या होत्या, एका खोक्यात पाऊण लिटरच्या निघाल्या. मग बोईसर. मग नाशिक. पहिल्या आठवड्यात पंधराशे ऑर्डरींत दोन चुका होत्या. या दहा गाड्यांच्या काळात दोन हजारांत एकोणीस. टक्केवारीत बघितलं तर ९९.०५, कानाला गोड लागते. पण आधीच्या मानाने सातपट चुका होत्या त्या. दोन्ही मिळून साडेतीन हजारांत एकवीस, म्हणजे बरोबर ९९.४. मॅडमच्या रेषेखाली.

काकांनी मला ओट्यावर बोलावलं. तिथे दोन खोकी ठेवली होती. एक पाऊण लिटरचं, एक लिटरचं. रंग तोच, चित्र तेच, उंचीत दोन बोटांचा फरक. मी म्हटलं, "यांच्यातच घोळ होतोय."

"पहिल्यापासून होतोय," काका म्हणाले. "गाडीत ही दोन जुळी बसलेली असतात. आमची पोरं उतरवताना एखादं इकडचं तिकडे टाकतातच. पण शेवटी रास जुळवायला बसलो की दिसायचं. पाऊण लिटरची चार कमी, लिटरची चार जास्त. मग शोधायचो. आता शोधायला जातो तर पॅलेट वर रॅकच्या चौथ्या मजल्यावर."

आणि काढणारा माणूस रॅकवर पॅलेटचं लेबल स्कॅन करतो, त्यातल्या प्रत्येक खोक्याचं नाही. चुकीचं खोकं एकदा वर गेलं की ते थेट दुकानातच उघडायचं. म्हणजे मी तास वाचवले होते ते तपासणी काढून टाकून. आणि ती तपासणी आहे हे मला माहीतच नव्हतं.

"मग परत पहिल्यासारखं करू?" मी विचारलं. मला रडू येत होतं, पण डॉकवर रडायची सोय नसते, सगळीकडून सगळं दिसतं.

"मग पाळी जाईल," काका म्हणाले. "ते पण नको."

भाई फोर्कलिफ्टवर बसल्या बसल्या म्हणाला, "काका, तुमच्या खळ्यावर एकच रास असते काय? तुमची नागली आणि भात एकत्र मोजता?"

"वेडा आहेस का? नागलीची रास वेगळी."

"मग बाटली आणि बादली एका राशीत कशाला?"

काका आणि मी दोघंही एकदमच बोलायला लागलो, आणि कोण काय बोललं ते मला आता सांगता येणार नाही. बादल्यांचा बाटल्यांशी घोळ होऊच शकत नव्हता. बादल्यांची रास वेगळी, जुळली की आत. डब्यांची वेगळी, जुळली की आत. फक्त जी जुळी आहेत, पाऊण लिटर आणि लिटर, त्या दोघांची मिळून एक रास. ती दोन्ही बाजूंनी जुळेपर्यंत ओट्यावरून हलायची नाही. काका म्हणाले, पण जुळी गाडीच्या तळाला असली तर शेवटी उतरणार, मग वेळ तोच. मी म्हटलं, मग ती गाडीच्या तोंडाशी भरायला सांगू. आधी उतरतील, बाकीची गाडी उतरेपर्यंत त्यांची जुळणी होऊन जाईल.

मॅनेजरनी कारखान्यात फोन लावला आणि माझ्या हातात दिला. "तू बोल बेन, तुझी कल्पना."

माझं गुजराती बाजारापुरतं. मी कसंबसं सांगितलं की बन्ने बाटली साथे, दरवाजा पासे, छेल्ले भरो, म्हणजे दोन्ही बाटल्या एकत्र, दाराजवळ, शेवटी भरा. पलीकडचा भरणारा माणूस बराच वेळ हसत होता. मग म्हणाला, "भले बेन, थई जशे." आणि खरंच झालं. पुढच्या गाडीचं दार उघडलं तर जुळी समोर, शेजारी शेजारी, लग्नातल्या फोटोसारखी.

पुढच्या दहा गाड्या साठ तासांत झाल्या. पाचाऐवजी सहाची सरासरी, कारण जुळणीला वेळ जात होता. पण तक्रारी थांबल्या. मला वाटलं, जिंकलो. मग मी बेरीज केली. एकशे चव्वेचाळीस, पन्नास आणि साठ, दोनशे चोपन्न तास. गाड्या अठ्ठावीस. भागाकार ९.०७.

महिन्याचे चार दिवस राहिले होते.

तेव्हा मला सरासरी म्हणजे काय ते कळलं. कॉलेजात ती कागदावर एका जागी बसलेली असायची. इथे तिला वजन होतं. आता आम्ही गाडी पाच तासांत उतरवली तरी ती अठ्ठावीस गाड्यांच्या मागे जाऊन उभी राहणार होती. मी भराभर गणित मांडलं. आठाच्या हिशेबाने अठ्ठावीस गाड्यांचे दोनशे चोवीस तास व्हायला हवे होते, आपले तीस जास्त आहेत. पाच तासांत झालेली प्रत्येक गाडी तीन तास वाचवते. तीस भागिले तीन, दहा. चार दिवसांत दहा गाड्या हव्या होत्या. महिनाअखेरीला गाड्या वाढतात, तरी रोजच्या दोनप्रमाणे आठच येणार होत्या.

डॉकवरची माणसं गाडी दिसली की कण्हतात, हे जगातलं सत्य आहे. त्या दिवशी मी काकांना सांगितलं की गाड्या कमी पडतायत, तर त्यांना आधी ते समजेना, आणि समजल्यावर ते इतके हसले की त्यांना ओट्यावर बसावं लागलं.

भाई म्हणाला, "सोपं आहे. एका गाडीच्या दोन पावत्या काढ. अर्धी गाडी पहिली, अर्धी दुसरी. गाड्या डबल, तास निम्मे."

गणित बरोबर होतं त्याचं. मी क्षणभर विचारही केला. पण खालची संख्या खोटी केली की मग वरच्या संख्येशी इतके दिवस जे भांडलो त्याला काही अर्थ उरत नाही. काका म्हणाले, "एका राशीच्या दोन राशी दाखवल्या म्हणून भात वाढतो का रे?" आणि विषय संपला.

मी मॅनेजरना म्हटलं, मॅडमनाच विचारू. कारखान्यात पुढच्या आठवड्याचा माल तयार असेल, त्यातल्या दोन गाड्या आधी येऊ देत. फोन स्पीकरवर होता.

"सरासरीसाठी गाड्या मागवताय, हे मला कळतंय," मॅडम म्हणाल्या.

"हो मॅडम," मी म्हटलं. लपवायचं काय त्यात.

"माल आधी आला की माझा साठा वाढतो. साठा भागाकारात खाली असतो. माझी फिरती पडेल, त्याचं काय?"

याचा विचार मी रात्री झोपताना केला होता, आणि तेव्हा माझी छाती कशी फुगली ते मला अजून आठवतं. "मॅडम, वस्तूनुसार फिरती काढलीय मी. टिफिन आणि लिटरची बाटली वर्षात वीसच्या वर फिरतात, सतरा-अठरा दिवसांत संपतात. बादल्या फक्त चार वेळा. दोन गाड्या टिफिन-बाटल्यांच्याच द्या. त्यांच्या ऑर्डरी आत्ताच थांबल्यात. माल येईल आणि बाहेर जाईल."

पलीकडून कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग, "बादली एकही नको. पाठवते."

पहिल्या तीन दिवसांत सात गाड्या झाल्या. दोन्ही पाळ्यांना वेड लागलं होतं. पहिल्या पाळीतल्या पॅकिंगच्या ताई, ज्यांचा डॉकशी काही संबंध नाही, त्या जेवणाच्या सुट्टीत फळ्यापाशी येऊन विचारायच्या, "किती झाले?" फाटकावरचा रखवालदार हायवेवर गाडीचा इंडिकेटर दिसला की ओरडायचा. वेवजीकडून येणारी पोरं पाळीच्या आधी तासभर यायला लागली.

शेवटच्या दिवशी सकाळी दोन गाड्या आल्या, वेळेत झाल्या. सदतीस गाड्या, दोनशे नव्व्याण्णव तास. ८.०८. फक्त एक गाडी हवी होती, आणि ती अडतिसावी पाच तासांत व्हायला हवी होती. एक वाजला, दोन वाजले. ड्रायव्हरचा फोन लागेना. मॅनेजर फाटकापर्यंत जाऊन परत येत होते. दुसरी पाळी येऊन हातमोजे घालून नुसती बसली होती, आणि काका म्हणत होते, "माझ्या बापजन्मात गाडीची अशी वाट बघितली नाही. बायकोची पण नाही."

अडीचला गाडी डॉकला लागली. दार उघडलं, जुळी समोर. पोरांनी उतरवायला सुरुवात केली ती जणू आग लागलीय. टिफिनची रास जुळली, आत गेली. डब्यांची जुळली, आत गेली. पाच वाजले. जुळ्यांची मोजली. पाऊण लिटरची दोन कमी, लिटरची दोन जास्त.

वेळ साडेसातपर्यंत होती, पण कुठल्या पॅलेटमध्ये शोधायचं ते माहीत नव्हतं. मॅनेजर माझ्याकडे बघत होते. दोनच खोकी होती. भाई फोर्क खाली टेकवून तयार. काका म्हणाले, "हलवायचं नाही," आणि पहिल्या पॅलेटचं प्लॅस्टिक स्वतः फाडलं. आम्ही सगळे बसलो. मीही बसले, ओढणी कमरेला खोचून. पहिल्यात नाही, दुसऱ्यात नाही. चौथ्या पॅलेटच्या खालून दुसऱ्या थरात, भिंतीकडच्या कोपऱ्यात, दोन बोटांनी बुटकी दोन खोकी शेजारी शेजारी बसली होती. दुसऱ्या पाळीतल्या एका ताईने ती हात लावून ओळखली, डोळ्यांनी नाही.

शेवटचं पॅलेट सहाला रॅकवर गेलं. भाईने ते वर ठेवल्यावर हॉर्न वाजवला, आत हॉर्न वाजवायला बंदी आहे. साडेतीन तास. मी फळ्यापाशी गेले, मागे सगळी पाळी. तीनशे अडीच भागिले अडतीस. शाळेतल्या बाईंनी शिकवलेला लांब भागाकार मी फळ्यावर उभा केला, फोन काढला नाही. सात दशांश नऊ सहा. आणि अचूकता, महिन्याच्या सहा हजार ऑर्डरींत पंचवीस चुका, ९९.५८.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. त्यांनी आमच्या आकड्यावर विश्वास ठेवला नाही, आणि मला ते आवडलं. अडतीसही गाड्यांच्या वेळा उघडून त्यांनी स्वतः बेरीज केली. मग मुद्दाम सकाळीच आलेल्या काकांना विचारलं, जुळ्यांची रास कशी करता ते दाखवा. काकांनी त्यांना ओट्यावर उभं करून दोन खोकी हातात दिली आणि म्हणाले, "ओळखा." त्यांनी चुकीचं ओळखलं.

"सणाचा माल इथेच येईल," त्या जाताना म्हणाल्या. "पण पुढच्या महिन्यात सहा."

"सहा?" मॅनेजर म्हणाले.

"त्या पहिल्या आठ गाड्या आता तुमच्या मानेवर नाहीत."

बरोबर होतं त्यांचं. मी फळा पुसला. नव्या महिन्याची तारीख घातली, तिन्ही सूत्रं पुन्हा लिहिली. गाडी ते रॅकच्या पुढची जागा मोकळी ठेवावी लागली. वर शून्य तास, खाली शून्य गाड्या, आणि शून्याने भागता येत नाही. दोन वाजता दुसरी पाळी सुरू झाली, बाराच्या बारा जण. त्यांनी ती मोकळी जागा बघितली, हातमोजे घातले, आणि ओट्याच्या कडेला जाऊन हायवेकडे बघत उभे राहिले.